पाण्याखालचं गाव उभं करायचं तर आधी हवेचा हिशोब

प्रश्न: दादा, मी पण सोलापूरचाच. पाण्याखालच्या संस्कृतीवर कादंबरी लिहायलोय. दाब, कमी उजेड, खाणं, घरं यावरून त्यांच्या चालीरीती आणि श्रद्धा कशा ठरवायच्या? मी लिहिलं की सगळं आपल्याच गावासारखं वाटतं, फक्त खिडकीतनं मासे जातात. सुरुवात कुठनं करू?

उत्तर:

सुरुवात हवेपासून कर. देव, राजा, भाषा, पोशाख सगळं बाजूला ठेव. मी कॉमिक आणि गेमवाल्यांसाठी अशी जगं रचून देतो आणि बहुतेक कच्च्या आराखड्यांत मला एकच गोष्ट दिसते, की लोक बुडालेलं गाव लिहितात, पाण्याखालचं गाव लिहीत नाहीत. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते बघितलंयस का? त्याला जोतं आहे, समोर दार आहे, वर शिखर आहे, म्हणजे ते जमिनीवरच्या माणसानं जमिनीवरच्या वजनाचा विचार करून बांधलंय, पाणी नंतर आलं. तुझ्या कादंबरीतली घरं पण तशीच असणार, म्हणून ती आपल्या गावासारखी वाटतात.

मी एकच गाव घेतो आणि ते शेवटपर्यंत सोडत नाही, म्हणजे तुला पद्धत कळेल. त्याला तळवाडी म्हणू. माणसं आपल्यासारखीच, कल्ले-बिल्ले नाहीत (कल्ले दिलेस की निम्मे प्रश्न संपतात आणि त्याबरोबर निम्म्या चालीरीतीही संपतात, म्हणून मी देत नाही). खोली ३० मीटर. जागा म्हणजे उभ्या कड्याचं एक बेट, कारण आपल्या कोकणात ३० मीटर पाणी लागायला किनारा सोडून बरंच आत जावं लागतं आणि मला कडा हवाय, का ते पुढं येईल. भरती-ओहोटी मात्र कोकणासारखीच धरू, उधाणाला अडीच-तीन मीटरचा फरक आणि भांगाला मीटर-सव्वा मीटर. उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासची मरगळलेली. हे दोन शब्द लक्षात ठेव, सगळं गाव त्यांच्यावर चालणार आहे.

आता दाब. दर १० मीटरला एक वातावरण, म्हणजे वरच्या हवेएवढा दाब, वाढतं; वरचं एक धरून ३० मीटरला चार होतात. यातनं घराचे दोन प्रकार निघतात. एक, जाड भिंतीचा बंद गोळा, आत वरच्यासारखीच हवा. त्याला पोलाद लागतं, दारं लागतात, आणि एक भेग गेली की सगळे गेले. दुसरा, तळाला उघडं घर, आतली हवा बाहेरच्या पाण्याएवढ्याच दाबाची, त्यामुळं जमिनीत भोक असलं तरी पाणी आत येत नाही. खरे प्रयोग बहुतेक असेच झालेत. १९६२ साली फ्रान्समधल्या मार्सेयजवळ समुद्र-संशोधक कूस्तोच्या दोन माणसांनी १० मीटरवर आठवडा काढला, आणि फ्लोरिडाजवळची अक्वेरियस ही पाण्याखालची प्रयोगशाळा तर कित्येक वर्षं या उघड्या तळावर चालली. तळवाडीला मी हाच प्रकार देतो, कारण तो दगडात बांधता येतो.

दगडात बांधायचा म्हणजे काय ते बघ. ५ बाय ४ ची अडीच मीटर उंच खोली, ५० घनमीटर हवा. ही हवा घराला ५१ टनांनी वर ढकलते. म्हणजे हे घर खचत नाही, उडतं. त्याला खाली दाबून ठेवायला बसाल्ट वापरला तर पाण्यात त्याचं वजन घनमीटरला १.९ टनच भरतं, म्हणजे सत्तावीस घनमीटर दगड फक्त दाबायला पाहिजे, आणि तो छतावर पाहिजे. तर तळवाडीत पाया वर असतो. पायाभरणीचा नारळ (नारळ कुठनं येणार म्हणा, जे काय असेल ते) छतावर वाढवतात, पूर्वजांचं नाव कोरायचं ते छताच्या दगडावर, आणि घरात मूल झालं की छतावर एक दगड वाढवतात कारण पुढं खोली वाढवावी लागणार. मला हे कुठनं ‘सुचलं’ नाही, त्या ५१ टनांनीच सांगितलं.

गळतीही उलटी. खोलीच्या वरच्या भागात आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून छताला फट पडली तर पाणी आत येत नाही, हवा बाहेर जाते आणि जमिनीच्या भोकातलं पाणी वर चढतं. बाहेरून शेजाऱ्याला दिसतं की अमक्याच्या छतावरनं चंदेरी बुडबुड्यांची माळ निघालीय. आता विचार कर, जिथं हवा सगळ्यांची आणि मोजून-मापून, तिथं ही माळ म्हणजे अब्रूचा प्रश्न. आपल्याकडं घरातली भांडणं चव्हाट्यावर येतात, त्यांच्याकडं घराचे बुडबुडे निघतात. शिवीसुद्धा तिथनंच येईल.

हवा येते कुठनं? इथं बहुतेक लेखक ‘समुद्री वनस्पतींपासून’ म्हणून पुढं जातात. माणसाला दिवसाला साधारण ६०० लिटर ऑक्सिजन लागतो (वरच्या मापानं), आणि गढूळ पाण्यात ३० मीटरवर पोचणाऱ्या उजेडावर तेवढा निघणं अवघड आहे. कातड्याच्या पिशव्या भरून खाली न्यायच्या म्हटलं तर शंभर लिटरची पिशवी खाली ओढायला सुरुवातीला शंभर किलोचं वजन लागतं. गावाला ते परवडत नाही. मी ट्रॉम्प वापरतो. हे खरं जुनं यंत्र आहे, त्यात एकही हलता भाग नाही. उभ्या नळातनं पाणी खाली पडताना तोंडाशी हवेचे बुडबुडे ओढून नेतं, खाली एका कोठीत बुडबुडे वर जाऊन साठतात, पाणी खालनं निघून जातं, आणि कोठीत दाबाखालची हवा मिळते. स्पेनमधल्या कॅटलन लोहारभट्ट्या यावर चालायच्या, आणि कॅनडात कोबाल्ट नावाच्या गावातल्या चांदीच्या खाणींसाठी १९१० च्या सुमाराला रॅगेड शूटला याच तत्त्वावर हवा पुरवणारं मोठं केंद्र उभं राहिलं.

तळवाडीत कड्यावर एक कुंड आहे. भरतीला ते भरतं, ओहोटीला समुद्र खाली गेला की कुंडातलं पाणी कड्यातल्या नळातनं ३० मीटर खाली पडतं आणि हवा घेऊन येतं. मी ढोबळ हिशोब केला. पाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी हवा नेली तर नळातलं बुडबुडेवालं पाणी हलकं होतं, आणि तो हलकेपणा भरून काढायला वर साधारण दीड मीटरचा चढ पाहिजे. ३०० माणसांच्या गावाला, भरती-ओहोटी दिवसातून दोनदा धरून, कुंड एकरापेक्षा थोडं मोठं लागतं. म्हणजे शक्य आहे, पण फुकट नाही. उधाणाला तीन मीटर फरक असतो तेव्हा हवा धो धो येते. आणि भांगाला? फरकच मीटर-सव्वा मीटर. दीड मीटर लागतो. नळ गप्प होतो.

हेच मला पाहिजे होतं, आणि म्हणूनच कडा पाहिजे होता. महिन्यातनं दोनदा, अष्टमीच्या आसपास तीन-चार दिवस, गावाला नवी हवा मिळत नाही. आपली गड्ड्याची जत्रा संक्रांतीला, म्हणजे सूर्याच्या हिशोबानं. तळवाडीला सूर्याचा तसा उपयोग नाही, त्यांचं पंचांग शंभर टक्के तिथीचं. लग्नं, बाजार, बांधकाम, नाच, सगळं उधाणाच्या दिवसांत. आणि भांगाला उपास.

पण उपास कशाचा? जेवणाचा नाही. पडून राहिलेला माणूस मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन घेतो आणि जोरात काम करणारा त्याच्या आठ-दहापट. म्हणून तळवाडीचा उपास म्हणजे हालचालीचा आणि बोलण्याचा. मोठ्यानं बोलायचं नाही, भांडायचं नाही, लहान पोरांना झोपवून ठेवायचं, नवरा-बायकोनं अंतर ठेवायचं. भांगात रागावणं हे पाप, कारण रागावलेला माणूस शेजाऱ्याचा श्वास खातो. तिथल्या पोराला तू विचारलंस तर तो म्हणेल चंद्र झोपलाय म्हणून आपण पण झोपायचं. त्याला पाव लिटर माहीत असायची गरज नाही, तुला माहीत पाहिजे.

आता एक गंमत सांगतो, जी मला स्वतःला हिशोब केल्यावरच कळली. चार दिवस हवा आली नाही तर ऑक्सिजन संपून माणसं मरतील असं वाटतं ना? नाही मरत. पाच माणसांच्या त्या ५० घनमीटरच्या खोलीत दाबामुळं हवा दाटून भरलेली असते, चार दिवसांनंतरही ऑक्सिजनचा जोर सिमल्याच्या हवेइतका उरतो. जरा सुस्ती येईल, बास. मारतो तो उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. तो चार दिवस तसाच साठला तर तिसऱ्या दिवसाच्या आतच सगळे बेशुद्ध होतील. आणि खूण सोपी आहे, आधी कपाळ ठणकतं, मग काही न करता धाप लागते.

यावर उपाय पाणीच आहे, कारण हा वायू समुद्राच्या पाण्यात चांगला विरघळतो. छतापासनं जाड कापडं टांगायची आणि त्यांच्यावरनं सतत पाणी पाझरत ठेवायचं. कापड कसलं, तर आपल्या सोलापुरी टॉवेलसारखं, फासे काढलेलं, म्हणजे ओला पृष्ठभाग वाढतो. माणशी मिनिटाला ५० लिटरच्या आसपास पाणी फिरवावं लागतं. पाच माणसांचं पाणी दोन मीटर चढवायला एक माणूस सतत पायानं रहाट हाणत बसला पाहिजे, रात्रंदिवस, पाळीपाळीनं. आणि भांगात सगळं गाव गप्प पडलेलं असताना हा एकटा घाम गाळत असतो, स्वतः तिघा-चौघांचा श्वास घेत. त्याला ‘पाळीवाला’ म्हण. त्याच्याबद्दल गावात काय वाटत असेल? उपासाचा नियम त्याला लागू नाही, त्याला बोलायची, गायची मुभा आहे, म्हणून भांगातलं सगळं गाणं पाळीवाल्याचं. त्याचं गाणं थांबलं म्हणजे तो झोपला, म्हणजे उठा. ओव्या तशा जात्यावरच्या असतात, या रहाटावरच्या. एक बारीक गोष्ट, या दाटलेल्या हवेत शीळ वाजत नाही आणि आवाज नाकात गेल्यासारखा येतो, तर गाण्यात शीळ घालू नकोस. कापड विणणाऱ्यांची जातही इथं वर बसणार, हे ओघानंच आलं.

पण पडद्याला किंमत आहे. पाणी नुसता वाईट वायू नेत नाही, दाबाखालचा नायट्रोजनही विरघळवून नेतं. म्हणजे खोलीतली हवा हळूहळू कमी होते आणि जमिनीतलं पाणी रोज दहा-पंधरा सेंटीमीटर चढतं. एरवी नळातनं नवी हवा येऊन भरपाई होते, भांगात होत नाही. चार दिवसांत पाणी गुडघ्याला.

मग सपाट जमीन कशी चालेल? नाही चालत. तळवाडीचं घर आतनं घाटासारखं, पायऱ्यापायऱ्यांचं. एरवी खालच्या पायरीवर काम, मधल्यावर जेवण, वरच्यावर झोप. भांग लागला की सगळं घर एकेक पायरी वर सरकतं आणि शेवटच्या दिवशी आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे वरच्या पायरीवर, एकमेकांना चिकटून, न बोलता. हे तू एकदा नीट लिही. ज्या भावाशी वर्षभर बोलणं नाही त्याच्या मांडीला मांडी लावून चार दिवस गप्प बसायचं. माझ्या मते तुझ्या कादंबरीतले निम्मे प्रसंग इथंच आहेत. पायऱ्यांवर खुणा कोरलेल्या असणार, कुठल्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या, आणि मुलगी द्यायला आलेले लोक आधी ती खूण बघणार. खूण खाली असेल तर घर घट्ट, छत घट्ट, माणसं आळशी नाहीत.

रोजच्या भरतीलाही पाणी हलतंच. समुद्र तीन मीटर वाढला की आतली हवा दबते आणि त्या खोलीत पाणी जवळजवळ वीतभर चढतं, सहा तासांनी उतरतं. हे त्यांचं घड्याळ. ‘घर श्वास घेतंय’ असं ते म्हणत असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता उजेडाकडं येतो, आणि तो हवेपासून वेगळा काढूच नकोस. आग कुठं पेटते हे आधी ठरव. फुप्फुस ऑक्सिजनचा जोर मोजतं, ज्योत हवेतला त्याचा वाटा मोजते, आणि या दोन गोष्टी दाबाखाली वेगळ्या होतात. चार वातावरणांच्या खोलीत ऑक्सिजन दहा टक्क्यांवर आला तरी माणूस ठणठणीत, कारण जोर वरच्या दुप्पट आहे, पण दिवा तिथं तग धरत नाही. आपल्याकडं विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात, विझला तर उतरायचं नाही. तळवाडीत दिवा विझतो आणि माणूस जगतो. म्हणून घराघरांत आग नाहीच.

आग फक्त एका जागी, नळाच्या तोंडच्या कोठीत, जिथं ताजी हवा पडते. तिथं एकवीस टक्के, आणि तेही चार वातावरणांना, म्हणजे ज्योत वरच्यापेक्षा भडक. गावाचं देऊळ तिथंच असणार, दुसरीकडं असूच शकत नाही. पण त्या कोठीत राहता येत नाही. तिथला ऑक्सिजनचा जोर वरच्या चौपट, एखाद-दोन दिवस सलग काढले की कोरडा खोकला लागतो, छातीच्या मधोमध जळजळ होते, दीर्घ श्वास घेववत नाही. म्हणून पुजारी पाळीनं बदलतात. लोक काय म्हणतात? देव जवळ राहणाऱ्याला आतनं जाळतो. आणि एखादा हट्टी पुजारी चार दिवस बसला आणि छाती जाळून घेऊन मेला तर तो संत. बघ, इथं श्रद्धा चुकीची पण नाहीये, फक्त कारण वेगळं दिलंय. मला अशाच श्रद्धा आवडतात, ज्या पाळल्या तर माणूस खरंच वाचतो. नुसत्या विचित्र असलेल्या श्रद्धा वाचकाला दोन पानांत कंटाळा आणतात.

गावाची रचनाही यातनंच. कोठीपासनं हवा घराघरांतनं पुढं सरकते, प्रत्येक घर थोडी वापरून पुढच्याला देतं. पहिल्या घरांना ताजी, शेवटच्यांना उष्टी. ‘उष्टी हवा’ हा शब्द मी मुद्दाम घालतो, कारण तो घातला की कुणाच्या घरी कोण जेवतं, कुणाची मुलगी कुणाला देतात हे आपल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आणि तरी एक काटा ठेव, अगदी पहिल्या घराला हवा जास्तच तिखट आहे, तिथल्या म्हाताऱ्यांना छातीचा त्रास. सगळ्यात चांगली हवा दुसऱ्या-तिसऱ्या घराला. मानाचं घर आणि सुखाचं घर एक नाही.

आता रंग. पाण्यात लाल रंग पहिल्या पाच-दहा मीटरमध्येच संपतो, मग नारिंगी, मग पिवळा, स्वच्छ पाण्यात निळा सगळ्यात खोल जातो. ३० मीटरवर बाहेरच्या उजेडात रक्त हिरवट-काळं दिसतं, कुंकू काळं दिसेल. पावसाळ्यात गढूळ पाण्यानं तेवढाही उजेड जातो, चार महिने जवळपास अंधार, तेव्हा माणसं हातानं आणि कानानं जगतात, दाराच्या कडेला प्रत्येक घराची वेगळी खाच कोरलेली. तर लाल रंग तळवाडीत फक्त एका जागी आहे, त्या ज्योतीसमोर. मी लग्न असं लिहीन, नवरीला घरी काळपट शेला नेसवतात, तो तिनं स्वतः विणलेला असतो, महिनाभर हातात धरलेला असतो. कोठीत तिला ज्योतीसमोर उभं करतात आणि ती खाली बघते तर शेला लाल. तिला ऐकून माहीत असतं, पाहिलेलं पहिल्यांदाच असतं. आणि त्याच वेळी तिला आपल्या हाताची कातडी, आईच्या डोळ्याच्या कडा, सगळं ज्या रंगाचं खरं आहे तसं दिसतं. पाच मिनिटं. मग बाहेर. इथं मंत्र-बिंत्र घालू नकोस, गरज नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते वरच्याच दोन गोष्टींवर बसतं. दोरांवर वाढवलेली शिनाणी आणि कालवं हे मुख्य, कारण ती पाणी गाळून खातात, उजेड लागत नाही. आग एकच, म्हणून शिजवलेलं अन्न फक्त देवळातलं, ते आपोआप प्रसाद होतं. आणि शिजतंही वेगळं. घरच्या कुकरमध्ये पाणी १२० अंशांना उकळतं, इथं उघड्या भांड्यात १४४ ला, झाकण नको, शिट्टी नको. बाकी सगळं कच्चं किंवा आंबवलेलं. वाळवण नाही, कारण हवा कायम ओलीचिंब. आपली कडक भाकरी महिना-महिना टिकते ती कोरड्या हवेवर, तळवाडीत ती तासाभरात चामड्यासारखी होईल. कुरकुरीत हा प्रकारच त्यांना ठाऊक नाही, सुकट वरनं मेणात बांधून येते, उघडली की लगेच खायची, पाहुण्याच्या समोरच उघडायची, आधी उघडून ठेवणं म्हणजे अपमान. आणि भाद्रपद-आश्विनात एक वाईट काळ घाल. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या शेवटी खालचं, ऑक्सिजन नसलेलं पाणी उथळ भागात चढतं, हे खरंच होतं. मासे पळतात, जे पळू शकत नाहीत ते मरतात, कधी सडक्या अंड्याचा वास येतो. पडद्याचं पाणीही मग घरातलाच ऑक्सिजन ओढायला लागतं. पितरांचा पंधरवडा त्यांनी तिथंच ठेवला असणार.

वर कोण राहतं, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण तो सगळ्यात मोठा आहे. कुंडातला गाळ काढायला, नळाचं तोंड साफ ठेवायला वर माणसं लागतात. आणि खालचा माणूस वर जाऊ शकत नाही, कारण एक-दोन दिवसांत त्याचं अंग दाबाखालच्या नायट्रोजननं भरून जातं आणि एकदम वर आला तर तो बुडबुड्यांनी मरतो किंवा लुळा पडतो. कड्यात वेगवेगळ्या खोलीवर खोल्या खोदलेल्या असणार, एकेकीत थांबत वर जायचं, दोनेक दिवस तरी. वरचा माणूस खाली येऊ शकतो, पण वीस-पंचवीस मिनिटांत परत फिरला पाहिजे, नाहीतर त्यालाही तोच रस्ता. तर वरची मुलगी खाली दिली की तिचं माहेर दोन दिवसांच्या खोल्यांपलीकडं. आई आजारी आहे असा निरोप आला तर ती निघेल, पण मधल्या खोलीत बसून राहील, एका जागी, काही करता न येता. आणि बाप वीस मिनिटांसाठी भेटायला आला की वाळूचं घड्याळ उलटं करतात, आणि त्या वीस मिनिटांत कुणीही जेवायला वाढत नाही, कारण जेवणात वेळ जातो. वरच्यांच्या हातात हवा आहे, खालच्यांच्या हातात काय आहे हे तू ठरव, पण काहीतरी ठेव, नाहीतर ही गुलामगिरीची गोष्ट होईल आणि ती वेगळी कादंबरी आहे.

तपासायचं कसं? तुझ्या मसुद्यातला कुठलाही प्रसंग घे आणि विचार, आज तिथी कोणती, हे कितवं घर, आणि हे लोक कितव्या पायरीवर बसलेत. तिन्ही उत्तरं बदलून बघ. नवमीच्या रात्री शेवटच्या घरात झालेलं भांडण आणि अमावस्येनंतर दुसऱ्या घरात झालेलं भांडण जर तुझ्या कागदावर सारखंच होत असेल तर पाणी अजून नुसतं खिडकीबाहेर आहे. मशाली दिसल्या तर खोड. लाल झेंडे दिसले तर खोड. दार भिंतीत दिसलं तर आधी खोड, मग विचार कर.

आणि गाव वाढलं तर? खाली जाता येत नाही. ६० मीटरवर दाब सातपट, नळातनं येणाऱ्या ताज्या हवेतला ऑक्सिजनच विषारी होतो, छाती काही तासांत जळते आणि झटके यायची भीती. शिवाय नळाला चढही जास्त लागतो, म्हणजे भांग लांबतो. ४५-५० मीटरवर एखादी गुहा ठेव हवं तर, तिथं दाटलेल्या नायट्रोजननं माणूस दारू प्यायल्यासारखा होतो, कौल लावणारे तिथं उतरत असतील आणि खाली काय बोललो ते वर आल्यावर त्यांना धड आठवत नसेल. पण राहायला ती जागा नाही. वरही जाता येत नाही, तिथं लाटा घरं फोडतात आणि कुंडवाल्यांची हद्द लागते. म्हणून तळवाडी पसरते ती फक्त आडवी, त्याच ३० मीटरच्या पट्ट्यानं, कड्याला धरून, आणि पलीकडनं दुसरं गाव त्याच पट्ट्यानं सरकत येत असतं. त्यांची सगळी भांडणं बांधावरची असणार, आणि बांध म्हणजे ज्या नळाची हवा शेवटी ज्या घरात पोचते ते घर.